लाइन, स्टाफ आणि फंक्शनल अधिकार: ओतायला निघालेले लेडल कोण थांबवू शकतो?

प्रश्न: मी सांगलीत एका कारखान्याच्या ऑफिसमध्ये नोकरी करत एम.बी.ए. करतो आहे. पुस्तकात सेफ्टी ऑफिसर आणि क्वालिटी विभाग यांना ‘स्टाफ’ म्हटले आहे, म्हणजे त्यांनी फक्त सल्ला द्यायचा. पण आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर थेट मशीन थांबवतो आणि सुपरवायझरला ते ऐकावेच लागते. मग त्याचा अधिकार लाइन, स्टाफ की फंक्शनल? परीक्षेत या तिघांची तुलना नेमकी कशी लिहायची?

उत्तर:

तुमचा गोंधळ व्याख्यांमुळे झालेला नाही. पुस्तकातील आकृतीत विभागांना लेबले लावलेली असतात, त्यामुळे एक माणूस म्हणजे एक प्रकारचा अधिकार असे आपण धरून चालतो आणि तिथेच अडतो. अधिकार माणसाला किंवा विभागाला चिकटलेला नसतो. तो दोन माणसांमधील, एका ठराविक विषयापुरत्या संबंधाचा असतो. त्यामुळे ‘सेफ्टी ऑफिसर कोण?’ असे विचारण्याऐवजी ‘सेफ्टी ऑफिसरने अमुक माणसाला अमुक विषयात काही सांगितले, तर त्याला नकार देता येतो का?’ असे विचारावे. नकार देता येत नसेल आणि कामाच्या सर्व बाबतींत हीच स्थिती असेल, तर तो लाइन अधिकार. ऐकून घेणे बंधनकारक आहे, पण मानणे बंधनकारक नाही, असे असेल तर तो स्टाफ अधिकार. मानणे बंधनकारक आहे, पण केवळ नेमून दिलेल्या एका विषयात, आणि सांगणारा आपला वरिष्ठ नाही, अशी स्थिती असेल तर तो फंक्शनल अधिकार.

ही कसोटी लावली की एकाच माणसाकडे तिन्ही प्रकारचे अधिकार असू शकतात हे लक्षात येते. क्वालिटी विभागाचा प्रमुख आपल्या लॅबमधील केमिस्टची रजा मंजूर करतो, त्याला काम वाटून देतो, वर्षाअखेरीस त्याचे मूल्यमापन करतो. तेथे त्याचा अधिकार शुद्ध लाइनचा आहे. तोच माणूस प्रॉडक्शन मॅनेजरला ‘वाळूतील ओलावा वाढतो आहे, मिक्सरची वेळ तपासून पाहा’ असे सुचवतो, तेव्हा तो स्टाफच्या भूमिकेत असतो. आणि तोच जेव्हा लाल टॅग लावून माल अडवून ठेवतो आणि त्याच्या सहीशिवाय तो माल गाडीत चढत नाही, तेव्हा तो फंक्शनल अधिकार वापरत असतो.

माझे बहुतेक काम कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतील फाउंड्र्यांमध्ये झाले आहे. त्यामुळे फाउंड्रीतील एकच प्रसंग घेऊन सविस्तर सांगतो. अनेक उदाहरणांची यादी देण्यापेक्षा एकच प्रसंग शेवटपर्यंत तपासला, तर तिघांमधील फरक आपोआप दिसतो.

एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या कास्टिंगमध्ये भट्टीतून काढलेल्या वितळलेल्या धातूवर लेडलमध्ये, म्हणजे तो धातू वाहून नेऊन ओतायच्या मोठ्या भांड्यात, मॅग्नेशियमची प्रक्रिया करतात. त्यामुळे लोखंडातील ग्रॅफाइट चपट्या पापुद्र्यांऐवजी गोल गाठींच्या रूपात तयार होते आणि कास्टिंगला ताकद व लवचीकता मिळते. पण हे मॅग्नेशियम धातूत टिकत नाही, मिनिटागणिक कमी होत जाते. म्हणून प्रत्येक फाउंड्री आपल्या लेडलच्या आकारानुसार आणि अनुभवानुसार एक वेळमर्यादा ठरवते. ती साधारण दहा मिनिटांच्या आसपास असते आणि तेवढ्या वेळात शेवटचा मोल्ड ओतून व्हावा लागतो. उशिरा ओतलेले कास्टिंग वरून अगदी चांगल्यासारखेच दिसते. ग्रॅफाइटच्या गाठी नीट झाल्या नाहीत हे नमुना घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते, आणि तोपर्यंत धातू मोल्डमध्ये जाऊन बसलेला असतो.

आता असे समजा की रात्रपाळी चालू आहे, प्रक्रिया झालेला पाचशे किलो धातू लेडलमध्ये आहे आणि क्रेन मध्येच अडकली. ती सुरू होईपर्यंत आठ मिनिटे गेली. अजून बरेच मोल्ड ओतायचे आहेत आणि ते दहा मिनिटांत संपणार नाहीत हे उघड दिसते आहे. धातू ओतायचा, की पिगच्या, म्हणजे साध्या ठोकळ्यांच्या, साच्यात रिकामा करून पुन्हा भट्टीत घालायचा, हे कोणी ठरवायचे? शिफ्ट इन्चार्जवर टनेज, म्हणजे पाळीत ठरलेल्या वजनाचे उत्पादन, पूर्ण करण्याचे दडपण आहे. लॅबमधील केमिस्ट घड्याळ पाहून ओतू नये म्हणतो आहे. प्रॉडक्शन मॅनेजर घरी झोपलेला आहे.

अधिकार निव्वळ लाइनचा असेल, तर निर्णय शिफ्ट इन्चार्जचा. फार तर तो प्रॉडक्शन मॅनेजरला फोन करील. कोणाचे ऐकायचे आणि चुकल्यास जबाबदार कोण, याबद्दल कोणालाच शंका राहत नाही, हे या व्यवस्थेचे खरे बळ आहे आणि पुस्तकातील ‘साधी व स्पष्ट’ या दोन शब्दांत ते पुरेसे उतरत नाही. अडचण अशी की ज्याच्यावर टनेजचे दडपण आहे त्यालाच टनेजच्या विरोधात निर्णय घ्यायला सांगितले जाते. धातूशास्त्राचे ज्ञान असलेला माणूस शेजारी उभा असूनही निर्णयप्रक्रियेत तो कुठेच नाही.

केमिस्टचा अधिकार स्टाफचा असेल, तर तो आपले मत देईल आणि इन्चार्जला ते ऐकून घ्यावे लागेल. सल्ल्यासाठी वेळ असतो तेव्हा ही पद्धत उत्तम चालते. पुढच्या महिन्यात वाळू कोणाकडून घ्यायची, मोल्डची रचना बदलायची का, अशा प्रश्नांत क्वालिटीने अभ्यास करून शिफारस करावी आणि प्रॉडक्शनने निर्णय घ्यावा, यात काहीच वावगे नाही. पण लेडल उभे असताना सल्ला आणि निर्णय यांच्यात दोन मिनिटांचे अंतर असते. इन्चार्जने सल्ला नाकारला, तर केमिस्ट फार तर रजिस्टरमध्ये नोंद करू शकतो. ती नोंद पुढे कोणी वाचतो तेव्हा कास्टिंग फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग या साफसफाईच्या टप्प्यांपर्यंत आणि कधीकधी ग्राहकाकडील मशिनिंगपर्यंत पोहोचलेले असते. धातू पिग केला असता तर वीज, मॅग्नेशियम मिश्रधातू आणि थोडा वेळ वाया गेला असता. धातू स्वतः पुन्हा वितळवून वापरता आला असता. प्रत्येक पुढच्या टप्प्यावर नुकसान किती वाढते हे तुम्ही तुमच्याच कारखान्याच्या कॉस्टिंग विभागाला विचारून पाहा.

म्हणून अशा ठिकाणी फंक्शनल अधिकार द्यावा लागतो. प्लांट हेड, म्हणजे प्रॉडक्शन आणि क्वालिटी या दोन्ही विभागांचा समाईक वरिष्ठ, आपल्या स्वतःच्या लाइन अधिकाराचा एक छोटा तुकडा वेगळा काढतो आणि क्वालिटीच्या हाती देतो. परीक्षेच्या उत्तरात हे वाक्य आवर्जून लिहा, कारण फंक्शनल अधिकार येतो कुठून हेच बहुतेक उत्तरांत सांगितलेले नसते. तो क्वालिटी विभागाला ज्ञान आहे म्हणून आपोआप येत नाही. ज्ञान हे तो अधिकार देण्याचे कारण असते, उगम मात्र समाईक वरिष्ठाने केलेल्या प्रदानात असतो. त्यामुळे वरिष्ठाला तो केव्हाही परत घेता येतो, कमी-जास्त करता येतो.

हे प्रदान लेखी असावे आणि अगदी अरुंद असावे, असे माझे ठाम मत आहे. वरच्या प्रसंगासाठी मी असा मजकूर सुचवीन: ‘प्रक्रिया केलेला धातू ठरवलेल्या वेळेत ओतून होणार नाही असे दिसल्यास पाळीतील केमिस्ट तो धातू पिग करण्याचा निर्णय शिफ्ट इन्चार्जला कळवील आणि शिफ्ट इन्चार्ज तो त्याच वेळी अंमलात आणील. निर्णय मान्य नसल्यास शिफ्ट इन्चार्ज अंमलबजावणीनंतर प्लांट हेडकडे दाद मागू शकेल.’ या दोन वाक्यांत विषय कोणता, निर्णय कोणाचा, तो कोणाला बांधील आणि तक्रार कुठे, हे सर्व आले. दाद अंमलबजावणीनंतर मागायची हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर लेडलपाशीच वाद सुरू होतो आणि वाद मिटेपर्यंत धातूचे तापमानही उतरलेले असते.

त्याच मजकुरात काय नाही, तेही पाहा. केमिस्टने क्रेनचालकाला थेट आदेश द्यायचा नाही. त्याने निर्णय शिफ्ट इन्चार्जला सांगायचा आणि पुढचा आदेश इन्चार्जने आपल्या माणसांना द्यायचा. फंक्शनल अधिकार शक्यतो एकाच पातळीपर्यंत पोहोचावा, त्याखाली झिरपू नये, हा जुना आणि अनुभवाने पटलेला नियम आहे. क्रेनचालकाने कोणत्या पाळीत यावे, क्रेन बिघडल्याबद्दल कोणाला मेमो द्यावा, वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ओव्हरटाइम करावा का, यांपैकी कशावरही केमिस्टचा अधिकार नाही. त्याला एका लेडलपुरते ‘नाही’ म्हणता येते, एवढेच.

यातील काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत. चाळीस-पन्नास माणसांच्या फाउंड्रीत मालक स्वतः भट्टीपाशी उभा असेल, तर असा लेखी आदेश निरर्थक ठरतो, कारण समाईक वरिष्ठ जागेवरच हजर आहे. दुसरी बाब म्हणजे क्वालिटीचा प्रमुख कोणाला रिपोर्ट करतो. तो प्रॉडक्शन मॅनेजरच्याच हाताखाली असेल, तर कागदावर कितीही अधिकार दिला तरी रात्री दोन वाजता तो टिकत नाही, कारण ज्याला थांबवायचे त्याचाच वरिष्ठ आपला मूल्यमापनकर्ता असतो. अशा ठिकाणी आधी रिपोर्टिंगची रेषा बदलावी लागते. तिसरी बाब ग्राहकाची. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी असलेले आयएटीएफ १६९४९ हे २०१६ चे मानक स्पष्टपणे सांगते की उत्पादन गरजांनुसार असल्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना मालाची रवानगी आणि उत्पादन हे दोन्ही थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक पाळीत अशी जबाबदारी असलेला माणूस असला पाहिजे. म्हणजे अशा कारखान्यात हा अधिकार द्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, केवळ तो नेमका कोणाला आणि किती, हे ठरवायचे असते.

फंक्शनल अधिकाराचे दुखणे मात्र येथूनच सुरू होते. क्वालिटीला असा अधिकार मिळाला की सुरक्षेला, अकाउंट्सला, स्टोअर्सला, एच.आर.ला तसाच हवा असतो, आणि प्रत्येकाचे कारण एकेकटे पाहिले तर योग्यच वाटते. बेरीज मात्र शिफ्ट इन्चार्जच्या डोक्यावर होते. हे होत असल्याची खूण ऑर्गनायझेशन चार्टमध्ये दिसत नाही. ती पाहायची असेल तर एका इन्चार्जबरोबर एक पूर्ण पाळी उभे राहावे आणि आपल्या वरिष्ठाखेरीज आणखी कोणाच्या होकाराशिवाय त्याचे काम अडते, हे पाहावे. स्टोअर्सने स्लिपवर सही मागितली म्हणून लायनिंगचे साहित्य अडले, एच.आर.च्या मंजुरीशिवाय बदली माणूस घेता आला नाही, सुरक्षेचे परमिट आले नाही म्हणून वेल्डर बसून राहिला, आणि या सगळ्यात टनेज का कमी झाले याचे उत्तर मात्र त्यालाच द्यावे लागले, असे चित्र दिसले तर समजावे की अधिकार वाटताना जबाबदारी वाटायची राहून गेली आहे. ‘साहेब, मी नक्की कोणाचं ऐकू?’ हा प्रश्न इन्चार्ज विचारतो तेव्हा तो आदेशाच्या एकतेचा, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत या तत्त्वाचा, प्रश्न विचारत असतो.

याच्या उलट बाजूने होणारा बिघाड अधिक लपून राहतो. क्वालिटीकडे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आला की हळूहळू प्रॉडक्शनची माणसे चांगले-वाईट पाहणे सोडून देतात आणि ‘क्यूसीने पास केलं आहे ना’ असे म्हणून माल पुढे ढकलतात. चांगले कास्टिंग काढण्याची जबाबदारी प्रॉडक्शनचीच आहे, क्वालिटीकडे फक्त अडवण्याचा अधिकार आहे, हे भान सुटते. ज्या कारखान्यात क्वालिटीची माणसे वाढत जातात पण रिजेक्शन कमी होत नाही, तेथे बहुधा हेच घडत असते.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक फरक मनात पक्का करा, कारण प्रश्नपत्रिकेत तो हमखास गुंतवलेला असतो. फंक्शनल संघटन आणि फंक्शनल अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या योजनेत कारखान्यातील एका फोरमनचे काम आठ फोरमनांत वाटलेले होते. कामाचा क्रम, सूचनापत्रे, वेळ व खर्च आणि शिस्त पाहणारे चौघे नियोजनाच्या बाजूला, तर टोळी, वेग, दुरुस्ती आणि तपासणी पाहणारे चौघे प्रत्यक्ष कामाच्या जागी. कामगाराला आपापल्या विषयापुरते आठही जण आदेश देऊ शकत. म्हणजे तेथे संपूर्ण रचनाच विषयवार होती. हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या तत्त्वांत आदेशाची एकता हे एक प्रमुख तत्त्व आहे, आणि टेलर यांच्या या योजनेवर त्यांचा आक्षेप त्याच मुद्द्यावर होता. आज आपण ज्याला फंक्शनल अधिकार म्हणतो तो या दोघांमधील तडजोडीसारखा आहे: मुख्य रचना लाइनचीच राहते, तज्ज्ञ बाजूला असतात आणि मोजक्या विषयांत त्यांना आदेशाची ताकद दिली जाते. उत्तरात हा धागा धरला तर तुलना कोरड्या मुद्द्यांची राहत नाही.

तुलना लिहिताना मी विद्यार्थ्यांना आकृतीपासून सुरुवात करायला सांगतो. प्लांट हेडपासून शिफ्ट इन्चार्जपर्यंत सलग रेषा, क्वालिटी प्रमुखापासून प्रॉडक्शनकडे सल्ल्याची तुटक रेषा, आणि फंक्शनल अधिकारासाठी वेगळ्या प्रकारची रेषा, तिच्यावर विषयाचे नाव लिहून. विषयाचे नाव न लिहिलेली फंक्शनल रेषा अर्धवट असते. त्यानंतर उगम, आवाका, नकाराचा परिणाम आणि परिणामाची जबाबदारी या अंगांनी तिघांची तुलना करावी. केस दिलेली असेल तर क्रियापदे वाचा. ‘शिफारस केली’, ‘अहवाल दिला’ असे असेल तर स्टाफ. ‘मंजुरीशिवाय करता येणार नाही’ असे दुसऱ्या विभागाबद्दल म्हटले असेल तर फंक्शनल. ‘पर्सोनेल मॅनेजरने प्रॉडक्शनमधील कामगाराची बदली केली’ असे वाक्य असेल तर लगेच उत्तर देऊ नका. असा अधिकार त्याला प्रदान केला होता असे केसमध्ये कुठे म्हटले आहे का ते शोधा. नसेल तर हे स्टाफने लाइनच्या कामात केलेले अतिक्रमण आहे आणि परीक्षकाला बहुधा तेच उत्तर हवे असते.

आता तुमच्या सेफ्टी ऑफिसरकडे येतो. महाराष्ट्रातील १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांनी त्याचे कर्तव्य कारखान्याच्या व्यवस्थापनाला सल्ला देणे आणि मदत करणे असे ठरवले, आणि सुरक्षेची अंतिम जबाबदारी कायद्याने ऑक्युपायर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती, आणि फॅक्टरी मॅनेजर यांच्यावर ठेवली. त्या अर्थाने तुमचे पुस्तक बरोबर आहे, त्याची मूळ भूमिका स्टाफचीच आहे. पण तुमच्या व्यवस्थापनाने धोकादायक स्थितीत मशीन थांबवण्याचा किंवा परमिट नाकारण्याचा अधिकार त्याला दिलेला असणार, आणि म्हणून त्या एका विषयापुरते त्याचे सुपरवायझरवर फंक्शनल अधिकाराचे नाते तयार झाले आहे. लाइन अधिकार तो नव्हेच, कारण तोच सेफ्टी ऑफिसर त्या सुपरवायझरची रजा मंजूर करू शकत नाही किंवा त्याला दुसऱ्या मशीनवर पाठवू शकत नाही.

आपल्या कारखान्यात एक गोष्ट प्रत्यक्ष तपासून पाहा: थांबवलेले मशीन पुन्हा सुरू कोण करतो. योग्य व्यवस्थेत सेफ्टी ऑफिसर धोका दूर झाल्याचे लिहून देतो आणि मशीन सुरू करण्याचा आदेश सुपरवायझर देतो, कारण थांबवणे हा सुरक्षेचा विषय असला तरी चालवणे हा प्रॉडक्शनचाच विषय आहे. सुरू करण्याचा आदेशही सेफ्टी ऑफिसरच देत असेल, तर त्याचा अधिकार नेमून दिलेल्या विषयाच्या बाहेर गेला आहे, आणि त्या मशीनवर पुढे काही बिघडले तर जबाबदारी कोणाची यावर तुमच्याकडे वाद होईल. प्लांट हेडने काढलेला आदेश तुमच्याच ऑफिसच्या फाइलमध्ये असेल. त्यात थांबवणे आणि सुरू करणे यांचा वेगवेगळा उल्लेख आहे का ते वाचा.